पहिल्या मुलाखतीआधी: उत्तर येत नसेल तेव्हा

बाळा,

उद्या साइट इंजिनिअरची मुलाखत, आणि तुला धास्ती एकच: उत्तर आलं नाही तर? एखादं अडणारच. तेव्हा गप्प बसू नकोस आणि ठोकूनही देऊ नकोस. जे पक्कं माहीत आहे तिथून मोठ्याने विचार करत पुढे जा.

समजा विचारलं, "एम २० काँक्रीटच्या क्यूबचा ७ दिवसांचा निकाल १३ आला. काय करशील?" एम २० म्हणजे २८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, हे तुला येतं. साध्या सिमेंटचं काँक्रीट ७ दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद धरतं, म्हणजे १३ च्या आसपास. मग सांग, "काळजीचं दिसत नाही, पण निर्णय २८ दिवसांच्या निकालावर." फ्लाय अॅशचं सिमेंट असेल तर सुरुवातीची ताकद सावकाश येते, हेही जोड. आम्ही समोर बसतो तेव्हा आकड्यापेक्षा ही वाट ऐकतो.

काहीच सुचलं नाही तर "हे मला माहीत नाही, साइटवर सीनियरना विचारून मगच पुढे जाईन" म्हण. आणि हो, बायोडेटात लिहिलेली प्रत्येक टेस्ट आज रात्री एकदा तोंडी सांगून बघ. स्लम्प कोनची उंची ३०० मिलिमीटर, इथेच बरेच जण अडखळतात.