नकाराचा मेल आला, मग मी काय उत्तर पाठवलं

नाशिकच्या अंबडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझे दोन राउंड झाले होते. दुसऱ्या राउंडला क्वालिटी हेडनी पाऊण तास बोलून वर शॉपफ्लोअरही दाखवला. त्यामुळे घरी आईला मी 'झालंच समज' असं सांगून बसले होते. आठव्या दिवशी संध्याकाळी मेल आला: दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

त्याच रात्री मी उत्तर लिहून काढलं. नशीब, पाठवण्याआधी ते आमच्या बिल्डिंगमधल्या, सातपूरला एचआरमध्ये असलेल्या ताईंना दाखवलं. त्यांनी तीन वाक्यांवर बोट ठेवलं.

पहिलं, 'माझी निवड का झाली नाही ते कळेल का?' ताई म्हणाल्या, "अगं, 'का' विचारलंस की समोरचा स्वतःचा निर्णय सांभाळायला लागतो. असलं लेखी कुणी देत नाही, उद्या त्यावरूनच वाद व्हायचा. आणि खरं कारण कित्येकदा तुझ्यात नसतंच. दुसरा लवकर जॉइन होणार असतो, नाहीतर पगाराचं गणित असतं."

दुसरं, 'मुलाखत चांगली झाली होती, म्हणून आश्चर्य वाटलं.' ही तर सरळ तक्रारच. तिसरं, 'कमी पगारावरही यायला तयार आहे.' त्यावर ताई हसल्याच. "पुढे कधी ऑफर काढायची झाली तर हाच मेल उघडून बसतील."

मग त्यांनी विचारलं, मुलाखतीत कुठे अडकलीस? मला लगेच आठवलं. मोजमाप यंत्रणेची पडताळणी, म्हणजे गेज आर अँड आर. व्याख्या मी धडाधड सांगितली, पण 'तुम्ही स्वतः केलंय का?' यावर गप्प बसले होते. ताई म्हणाल्या, मग तेवढंच विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल पाठवला. इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

'निर्णय कळवल्याबद्दल आभार. शॉपफ्लोअर दाखवण्यासाठी क्वालिटी हेडनी वेळ दिला, त्याबद्दल त्यांनाही माझे आभार कळवावेत. या कामासाठी मी आधी काय पक्कं करावं, गेज आर अँड आरचा प्रत्यक्ष अनुभव की कंट्रोल प्लॅन, हे एका ओळीत कळवू शकलात तर उपयोग होईल. ही जागा पुन्हा उघडली किंवा तशीच दुसरी निघाली, तर माझा जरूर विचार करावा. माझा नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे.'

नोटीस पिरियड ताईंनी मुद्दाम घालायला लावला. निवडलेला माणूस दोन-तीन महिन्यांच्या नोटिशीवर असतो, मधेच त्याची कंपनी पगार वाढवते आणि तो येतच नाही. तेव्हा एचआरला सगळं पहिल्यापासून करायचं नसतं, आधीच्या यादीतलं दुसरं नाव शोधलं जातं.

एक गोष्ट मात्र माझी मीच पकडली. नकाराचा मेल `noreply` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून आला होता. त्याला दिलेलं उत्तर कुणी वाचत नाही. मुलाखतीची वेळ ठरवणारा मेल एचआरच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला होता, त्या साखळीत उत्तर दिलं. विषयाची ओळ तशीच ठेवली, म्हणजे कोण, कुठली जागा, हे त्यांना शोधावं लागत नाही.

पाचव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: 'प्रत्यक्ष अनुभव आधी.' असं नेहमी होत नाही. त्या वर्षी मी असे मेल चार ठिकाणी पाठवले. दोघांनी काहीच कळवलं नाही आणि एकाकडून छापील मजकूर आला. मी कुणालाही आठवण केली नाही. आभाराच्या मेलला 'रिमाइंडर' पाठवला की तो आभाराचा राहत नाही, असं माझं मत.

मग माझ्याच तेव्हाच्या कंपनीत साहेबांकडे हट्ट धरून मायक्रोमीटरवर गेज आर अँड आरचा अभ्यास केला. 10 नग, 3 तपासनीस, प्रत्येकी 3 वेळा, म्हणजे 90 रीडिंग. मोजमापातच होणाऱ्या फरकाचं प्रमाण आलं 34 टक्के. 10 टक्क्यांच्या आत चांगलं, 30च्या वर नापास. शोधलं तर एक तपासनीस दाब मर्यादित ठेवणारा रॅचेट न वापरता थिंबलच आवळत होता, त्यामुळे त्याचं रीडिंग दर वेळी कमी यायचं. पद्धत सुधारून पुन्हा केलं, 14 वर आलं. म्हणजे अजूनही 'चालेल, पण लक्ष ठेवा' अशाच पट्ट्यात.

तीन महिन्यांनी त्याच साखळीत तीन ओळी लिहिल्या: तुम्ही सुचवलं ते केलं, 34 वरून 14 झालं, कारण हे सापडलं. सोबत नवा बायोडेटा. 'काही जागा आहे का' हे विचारलंच नाही. त्यासाठीच मेल आहे हे त्यांना कळतंच की!

सहा आठवड्यांनी त्यांच्या सिन्नरच्या प्लांटसाठी बोलावणं आलं. समोर तेच क्वालिटी हेड. बसता बसताच त्यांनी विचारलं, "14 वर का थांबलात?"