संडासला रक्त पडलं की लगेच मूळव्याध समजू नका, या चुका टाळा

आपल्या सांगली भागात संडासला रक्त दिसलं की माणूस लाजेपोटी कुणाला बोलत नाही, गुपचूप मेडिकलमधून मूळव्याधीची ट्यूब आणतो आणि महिनोन्महिने लावत बसतो. पहिली चूक हीच, कारण रक्त नक्की कशाचं आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

आधी दुखतंय का आणि कधी दुखतंय ते बघा. साध्या मूळव्याधीत शक्यतो दुखत नाही, संडास झाल्यावर लालभडक रक्त थेंब थेंब पडतं, कधी चिळकांडी उडते. मूळव्याधीच्या कोंबात रक्ताची गाठ झाली तर मात्र ठणका लागतो, बसवत नाही. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर, त्यात संडास होतानाच काच फिरवल्यासारखं वाटतं आणि नंतर तास दोन तास आग होत राहते, रक्त थोडंच, एखादी रेघ. जुन्या फिशरजवळ कातडीचा छोटा कोंब येतो, तो हाताला लागला की लोक त्यालाच मूळव्याध समजतात आणि कुठंतरी जाऊन कापून घेतात, चीर राहते तशीच.

फिशरमध्ये अजून एक चूक, दुखेल म्हणून संडास दाबून धरायची. मग ती अजून कडक होते आणि चीर परत फाटते. रात्री १-२ चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, दिवसभर भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसणं, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्नायू सैल करणारं मलम सहा-आठ आठवडे. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा तासगावकडचा ५२ वर्षांचा बागायतदार आहे, सहा महिने ट्यूब लावतोय, दुखत काहीच नाही. पण रक्त काळपट आणि संडासमध्ये मिसळलेलं, सोबत शेंब, दिवसातून चार वेळा जाऊनही पोट साफ झालं नाही असं वाटतं, वजन उतरलंय आणि हिमोग्लोबिन ८. याला कोंब असले तरी रक्त वरूनही येत असू शकतं, मूळव्याध आणि आतड्याचा कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात. डॉक्टरांनी आधी बोटाने तपासायला पाहिजे, कारण गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात, आणि बोटाला काही लागलं नाही तरी दुर्बिणीतून मोठं आतडं बघायची कोलोनोस्कोपी करायची, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवायचा. नुसतं ऐकून चिठ्ठी लिहून दिली तर "तपासून बघा की डॉक्टर" असं स्पष्ट म्हणा, ती दोन मिनिटांची तपासणी आहे. घरात आईवडील, भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तेही आपणहून सांगा, वय कमी असलं तरी.

आणि डांबरासारखी काळी चिकट संडास, किंवा रक्त थांबेना आणि चक्कर येतेय, असं असेल तर सकाळची ओपीडी बघत बसू नका, रात्री असली तरी सिव्हिलला नाहीतर मिरजेला गाडी काढा.