एकच एडिट, दोन घाट: आडवा यूट्यूबला, उभा रीलला

समजा, पुरणपोळीचा आठ मिनिटांचा 16:9 व्हिडिओ यूट्यूबसाठी तयार आहे. रील करताना एक्सपोर्ट झालेली फाइल कापू नका. त्यात अक्षरं चित्रातच मुरलेली असतात आणि उभ्या चौकटीत ती अर्धी तुटतात. एडिटिंग अ‍ॅपमध्ये मूळ टाइमलाइनची कॉपी करा, कॅनव्हास 1080×1920 करा आणि मजकूर नव्याने मांडा. खालचा साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवा, तिथे रीलचं कॅप्शन येतं. उजवीकडे खाली बटणं असतात.

चित्रीकरण 1080p मध्ये असेल तर उभ्या कापात जेमतेम 607 पिक्सेल रुंदी उरते आणि पोळीचा पोत धूसर दिसतो. 4K मध्ये 1215 मिळते, ती पुरते. प्रत्येक शॉटमध्ये चौकट हातांवर सरकवून घ्या, नाहीतर लाटणं बाहेर आणि ओटा मधोमध!

आता लांबी. आठ मिनिटांचा सगळा व्हिडिओ चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये कोंबू नका, एकच अडचण उचला: पोळी फाटते, कारण पुरण सैल राहिलं.

सुरुवातही बदला. यूट्यूबवर शीर्षक वाचूनच माणूस आलेला असतो, तिथे साहित्यापासून सुरू केलं तरी चालतं. रीलवर पहिल्याच सेकंदाला तव्यावर फाटणारी पोळी दाखवा, वर मोठ्या अक्षरांत ‘पोळी का फाटते?’, कारण कित्येकजण आवाज बंद ठेवून पाहतात. लगेच पुढचा शॉट: घट्ट पुरणात उभा राहिलेला डाव.