केळीच्या घडाचा मास्क: क्लिकऐवजी चौकट

रावेर-यावलच्या बागेतल्या फोटोंवर घड कापणाऱ्या रोबोसाठी मास्क, म्हणजे घडाचा नेमका आकार दाखवणारा थर, काढताना SAM या फोटोतली वस्तू वेगळी काढणाऱ्या Meta च्या मॉडेलला एकच क्लिक दिली, तर कधी एक केळं निवडलं जातं, कधी फणी, कधी अख्खा घड. एका बिंदूवरून मॉडेलला नेमकं काय हवंय ते कळत नाही.

1. घडाभोवती घट्ट चौकट ओढा आणि `multimask_output=False` ठेवा, म्हणजे एकच मास्क मिळेल.
2. मागचं पान किंवा खोड आत आलं, तर तिथे 'हा भाग नको' असं सांगणारी एक ऋण क्लिक द्या. दोन-तीन क्लिकमध्ये सुधारलं नाही, तर सरळ ब्रश घ्या. तेच लवकर होतं.
3. दांडा वेगळा काढा. मास्क मुळात 256×256 चा बनतो, म्हणजे 4000 पिक्सेल रुंद फोटोत त्याचा एक ठिपका साधारण 16 पिक्सेलचा. 60 पिक्सेलच्या दांड्याला जेमतेम चार ठिपके येतात, कड हमखास ढासळते. दांड्याभोवतीचा 1000 पिक्सेलचा तुकडा कापून त्यावर पुन्हा चौकट द्या, मग कड हाताने नीट करा. कोयता तिथेच चालणार आहे.

चाचणीच्या फोटोंचे मास्क मात्र पूर्ण झूम करून हातानेच तपासा. नाहीतर SAM ची चूक बरोबर उत्तर म्हणून मोजली जाईल.