चादरीच्या फोटोवरची तारीख पुसताना या चुका टाळा

चाटी गल्लीतले एक व्यापारी चादरी-टॉवेलांचे फोटो घेऊन आले. फोटो त्यांनीच काढलेले, पण कॅमेऱ्यातला तारखेचा शिक्का बंद करायचा राहून गेलेला. प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे. कॅटलॉग छापायला द्यायच्या आत ते घालवायचे होते. टॉवेलांवरचे आकडे फोटोशॉपच्या कंटेंट-अवेअर फिलने पटापट गेले. त्याच पद्धतीने मोराच्या चादरीला हात घातला आणि मोराची मान अर्ध्यात तुटली.

पहिली चूक इथेच होते. आपण आकडे किती बारीक आहेत ते बघतो, त्यांच्याखालचं कापड बघत नाही. कंटेंट-अवेअर फिल फोटोच्या इतर भागांतून जुळतील असे तुकडे शोधून रिकाम्या जागेत सांधतं. टॉवेलचे फासे कोणत्या ओळीत कुठे आहेत हे डोळा मोजत बसत नाही, त्यामुळे तिथे सांधा दिसत नाही. मोराच्या चादरीसारख्या, विणतानाच नक्षी उठवलेल्या जॅकार्डच्या चादरीत मात्र तोच बुट्टा ठरावीक अंतरावर परत येतो. ते अंतर आपल्याला दिसतं, पण फिल ते पाळेलच असं नाही. बुट्टा दोन-तीन पिक्सेल सरकला तरी विणकामात दोष असल्यासारखं दिसतं, आणि चादर विकणाऱ्याला तेच नको असतं. म्हणून विस्कळीत पोत असेल तर फिल, पुन्हा येणारी नक्षी असेल तर क्लोन स्टॅम्प, म्हणजे फोटोतला एक भाग जसाच्या तसा दुसरीकडे उमटवणारं टूल.

टॉवेलवरही एक गोष्ट फसते. आकड्यांना अगदी चिकटून सिलेक्शन केलं, तर जेपीजीमुळे आकड्यांभोवती पसरलेली नारिंगी झाक बाहेरच राहते आणि फिल नेमकी तीच उचलतं. पुसलेल्या जागी फिकट नारिंगी डाग दिसला, तर कारण हेच समजा. `Select > Modify > Expand` मध्ये जाऊन सिलेक्शन चार-पाच पिक्सेलनी वाढवा. फोटो मोठा असेल तर थोडं जास्त. एकेक आकडा वेगळा पुसू नका, नाहीतर शेजारचा न पुसलेला आकडाच नमुना म्हणून घेतला जातो आणि त्याचा तुकडा पुन्हा उगवतो. `Edit > Content-Aware Fill` उघडलं की नमुन्याचा भाग हिरवा दिसतो. टॉवेलचा काठ, टेबल, लेबल या हिरव्यात आलं असेल तर ब्रशने ते वगळा. `Shift+F5` ने येणाऱ्या छोट्या चौकटीत ही सोय नाही, म्हणून मी ती वापरत नाही.

आता मोराची चादर. प्रथम रिकामा नवा लेअर घेतला, क्लोन स्टॅम्पच्या पट्टीत `Sample` ला `Current & Below` ठेवलं आणि `Aligned` वर खूण केली. मोराच्या चोचीच्या टोकापासून डावीकडच्या पुढच्या मोराच्या चोचीपर्यंत रूलर टूलने मोजलं: 212 पिक्सेल. आकडे चोचीवर नव्हते, त्यामुळे दोन्ही टोकं स्वच्छ दिसत होती. डावीकडच्या चोचीवर `Alt` दाबून क्लिक केलं, मग उजवीकडच्या चोचीवर बरोबर त्याच पिक्सेलला पहिला ठिपका ठेवला. एकदा हे जुळलं की `Aligned` मुळे अंतर कायम राहतं, आणि ब्रश आकड्यांवर नेला की खालची मान जशीच्या तशी येते.

नमुना आडव्या ओळीतूनच घेतला, त्यालाही कारण आहे. चादर जमिनीवर पसरून उभ्याने फोटो काढला की लांबचे मोर लहान होत जातात. वरच्या ओळीतला मोर खाली आणला तर तो बसत नाही. दुसरी जागाच नसेल तर `Window > Clone Source` मध्ये `W` आणि `H` थोडे वाढवून जुळवावं लागतं, आणि ते वेळखाऊ आहे.

क्लोन स्टॅम्पमधली सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे अगदी मऊ ब्रश. `Hardness` शून्यावर असेल तर ब्रशच्या कडेला जुने आणि नवे धागे एकमेकांत मिसळतात आणि तिथे पोतच नाहीसा होतो. धाग्यांमध्ये धुरकट कडं दिसतं ते यामुळे. मी 70 च्या आसपास ठेवतो, `Opacity` 100. कमी `Opacity` ने दोन-तीनदा फिरवलं तरी हाच धुरकटपणा येतो.

उजेड एका बाजूने उतरत असेल तर आणलेला तुकडा जरा उजळ किंवा गडद पडतो. म्हणूनच वेगळा लेअर हवा: त्यावर `Curves` चा लेअर फक्त खालच्या लेअरपुरता लावून तेवढाच तुकडा सावरता येतो. टॉवेलवर ही अडचण फिलच्या `Color Adaptation` मध्येच बहुतेक सुटते.

काम झालं की मी सगळ्यांच्या वर तात्पुरता `Curves` लावून कॉन्ट्रास्ट खूप चढवतो आणि फोटो 50 टक्क्यांवर बघतो. त्या मोराच्या चादरीत तेव्हाच कळलं, की मान जुळली होती, पण काठाजवळचा एक शून्य अजून पुसटसा शिल्लक होता.