दोघांच्या बंद लिलावात बोली लावण्याआधी

लिफाफा बंद करण्याआधी काही गोष्टी हातावेगळ्या करायच्या असतात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांना उत्तर आधीपासून पाठ असतं: "दोघेच असाल तर आपल्या किमतीच्या निम्मी बोली लावा." हे उत्तर बरोबर आहे, पण एका अटीवर. ती अट न तपासता निम्मी बोली लावणारा माणूस अनेकदा जिंकूच शकत नाही.

सर्वात आधी नियम वाचून घ्या. दोघांनी एकेकदाच गुप्त बोली द्यायची, मोठी बोली जिंकणार आणि जिंकणारा स्वतःच लिहिलेली रक्कम भरणार, असंच आहे ना? जिंकणाऱ्याने दुसऱ्याच्या बोलीइतकी रक्कम भरायची असेल, तर पुढचं काहीही लागू नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून तपासले होते. त्या दुसऱ्या प्रकारात आपली खरी किंमत लिहिणं हेच शहाणपणाचं. आपल्या प्रकारात मात्र खरी किंमत लिहिली तर जिंकूनही हाती शून्य उरतं. म्हणून बोली खाली उतरवायची, आणि प्रश्न एवढाच की किती.

मग वस्तूची तुमच्यापुरती किंमत ठरवा. याहून एक पै जास्त मोजावी लागली तर वस्तू नको, असा तो आकडा. तो आधीच लिहून ठेवा, कारण समोरच्याचा विचार सुरू झाला की तो हळूच सरकतो. ही किंमत खरोखर तुमची स्वतःची असली पाहिजे. वस्तू पुढे विकायचीच असेल आणि तिचा बाजारभाव दोघांनाही सारखाच अज्ञात असेल, तर जिंकणं म्हणजे आपला अंदाज फाजील असल्याची खूण ठरते. तो वेगळा हिशेब आहे, इथे नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: समोरच्याच्या किमतीचा पट्टा. त्याची किंमत कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकते? दोन टोकांमधला प्रत्येक आकडा सारखाच संभवनीय आहे, असं आपण धरतो. वरचं टोक बहुतेकांना सुचतं, पण बोली ठरते ती खालच्या टोकावरून. म्हणून त्यावर जास्त वेळ घालवा.

खालचं टोक a, वरचं c, तुमची किंमत v, बोली b. समोरचा काय लिहील ते माहीत नाही. पण समजा तो तळापासून मोजून आपल्या किमतीचा काही ठरावीक हिस्सा, k, लिहितो. म्हणजे त्याची किंमत w असेल तर बोली a + k(w − a). तुमची बोली त्याच्या वर जाण्याची संभाव्यता मग

```
(b − a) / (k(c − a))
```

इतकी येते. जिंकलात तर उरणार v − b. दोहोंचा गुणाकार म्हणजे अपेक्षित फायदा. छेदातलं k(c − a) तुमच्या हातात नाही आणि b बदलल्याने ते बदलतही नाही. म्हणून फक्त (v − b)(b − a) मोठ्यात मोठा करायचा. या दोन संख्यांची बेरीज नेहमी v − a इतकीच राहते, आणि बेरीज ठरलेल्या दोन संख्यांचा गुणाकार त्या समान असताना सर्वात मोठा असतो. म्हणजे

```
b = (a + v) / 2
```

बोली तळ आणि तुमची किंमत यांच्या बरोबर मध्यावर. k गळून पडला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. समोरचाही हाच हिशेब करेल, त्यालाही मध्यच मिळेल, आणि दोघांपैकी कुणालाच एकट्याने बोली बदलून काही मिळवता येणार नाही.

आकडे घालून बघा. पट्टा ० ते १००, तुमची किंमत ८०. बोली ४०, जिंकण्याची संभाव्यता ८० टक्के, अपेक्षित फायदा ३२. बोली ३५ किंवा ४५ केली तर ३१.५, ३० किंवा ५० केली तर ३०. मध्याच्या आसपासचा उतार सौम्य आहे, म्हणून पाचाच्या चुकीसाठी झोप उडवायची गरज नाही. आता किंमत तीच, ८०, पण पट्टा ६० ते १००. समोरचा मध्याच्या नियमाने ६० ते ८० च्या दरम्यान लिहिणार. पाठ केलेल्या नियमाने ४० लिहिलेत तर जिंकण्याची शक्यता शून्य. बरोबर बोली ७०: निम्म्या वेळा जिंकाल, दहा उरतील, अपेक्षित फायदा ५. वजावट चाळिसावरून दहावर आली, ती केवळ तळ वर सरकल्यामुळे. सुरुवातीला म्हटलेली अट हीच: तळ शून्य असेल तरच निम्मी बोली बरोबर.

विक्रेत्याने राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायचीच नाही असा आकडा, ठेवली आहे का, हेही बघा. इथे एक मोह होतो: राखीव किमतीलाच तळ समजून मध्य काढायचा. पट्टा ० ते १००, राखीव ५०, तुमची किंमत ८०. मध्य ६५ येतो, आणि तो चुकीचा आहे. ज्याची किंमत पन्नासच्या खाली आहे तो लिलावात उतरणारच नाही, पण तो नसण्याची शक्यता खरी आहे आणि तेव्हा तुम्हाला ५० पुरतात. नीट विचारायचा प्रश्न असा: तुमची किंमत समोरच्याहून मोठी आहे असं धरलं, तर तुमच्या खालचा अडथळा सरासरी किती उंच? समोरच्याची किंमत ० ते ८० मध्ये कुठेही. आठांत पाच वेळा ती पन्नासच्या खाली, तेव्हा अडथळा ५०. आठांत तीन वेळा ती ५० ते ८० मध्ये, सरासरी ६५. एकूण सरासरी ५५.६ च्या आसपास, आणि तीच बोली. राखीव किंमत नसेल तर याच प्रश्नाचं उत्तर मध्य येतं, त्यामुळे पडताळणीलाही तो उपयोगी.

बोली देणारे खरोखर दोघेच आहेत याची खात्री करा. तिसरा आला तर तळापासूनच्या अंतराचा निम्मा नव्हे, दोन तृतीयांश भाग लिहावा लागतो.

शेवटी समोरच्याच्या स्वभावाचा प्रश्न. तो हरण्याला घाबरून जास्त लिहितो अशी कुणकुण लागली की आपणही वाढवावं असं वाटतं. पण k गळून पडला होता. पट्टा ० ते १०० आहे आणि तो निम्म्याऐवजी दोन तृतीयांश लिहितो असं धरा. तुमचे ४० आता ८० ऐवजी ६० टक्के वेळाच जिंकतील, अपेक्षित फायदा ३२ वरून २४ वर येईल, तरीही ४० हून चांगली बोली सापडणार नाही. बदल लागतो तो उलट बाजूला: तो पाचांत दोनच भाग लिहीत असेल तर त्याची बोली ४० च्या वर कधीच जात नाही, आणि तुमची किंमत ९० असताना ४५ लिहिणं म्हणजे चाळिसाच्या वरची जवळजवळ पूर्ण रक्कम फुकट देणं. तिथे चाळिसाच्या किंचित वर थांबा.