मुद्दे की परिच्छेद? वाक्यं उलटसुलट करून बघा

सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा सारांश लिहायचाय, तर आधी वाचणारा कोण ते ठरवा. सेक्रेटरींना कामं वाटून द्यायची असतात: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खांबांची दुरुस्ती, तीन कोटेशनं. यांचा क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून मुद्दे चालतात. सभासदांना मात्र खर्चाला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं असतं. गच्चीतून पाणी मुरलं, त्यामुळे सळया गंजून फुगल्या, म्हणून काँक्रीट सुटतंय; नुसतं प्लास्टर केलं तर पुन्हा पडेल. याचे मुद्दे पाडले की ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ गळतात आणि प्लास्टरच स्वस्त वाटू लागतं. इथे चार वाक्यांचा परिच्छेदच हवा. रकमा मात्र खाली वेगळ्या ओळींत द्या. सभेत बोट तिथेच ठेवलं जातं.